वीज गेल्यावरची दहा मिनिटं

मे संपत आला की गोव्यात संध्याकाळची वीज हमखास जाते. कुठे माडाची झावळी तारेवर पडते, कुठे फ्यूज उडतो, आणि अख्खा वाडा एकदम गप्प होतो. पंखा थांबतो, टीव्ही काळा पडतो, राउटरचे दिवे विझतात. यानंतरची दहा मिनिटं बघण्यासारखी असतात. एखादा माणूस सोप्यावर येऊन पाय पसरतो. भाग अर्धा राहिल्याची त्याला जराशी चुटपुट असते, पण वाऱ्याला बसल्यावर तीही जाते. दुसरा लगेच मोबाइलचा हॉटस्पॉट चालू करतो, बॅटरी किती टक्के उरली ते बघतो, शेजाऱ्यांकडे वीज आहे का विचारून येतो, वीज खात्याला दोनदा फोन लावतो. त्याला काळोखाचा त्रास नसतो, उकाड्याचाही नसतो. पडदा बंद पडल्याबरोबर आतून जे वर आलं, त्याचा त्रास असतो.

दोघंही तीच मालिका बघत होते, कदाचित तेवढाच वेळ बघत होते. म्हणूनच ‘किती तास बघितलं’ या प्रश्नातून फारसं काही हाती लागत नाही, असं माझं मत आहे. रविवारी पावसात सलग चार भाग बघून ताजातवाना झालेला माणूस असतो, आणि एकच भाग बघून अधिक पिळवटलेलाही असतो. आराम कुठला आणि पळ कुठला, हे पडदा चालू होण्याच्या आधीच्या एका मिनिटात आणि तो बंद झाल्यानंतरच्या दहा मिनिटांत कळतं. मधले तास दिसायला सारखेच असतात.

पळण्यामागची यंत्रणा साधी आहे. मनात काहीतरी नकोसं येतं: लाज, धास्ती, एकटेपणा, कुणाचा तरी राग. हात रिमोटकडे जातो आणि दोन मिनिटांत ते नकोसं फिकं होतं. हा दिलासा खोटा नसतो. खरा असतो, म्हणूनच अडचण होते. त्रास थांबवणारी कृती पुन्हा पुन्हा केली जाते, या नियमाला अमेरिकन मानसशास्त्रज्ञ स्किनर यांच्यापासून नकारात्मक प्रबलन म्हणतात. नाव बोजड असलं तरी काम डोकेदुखीच्या गोळीसारखं चालतं. गोळीने डोकं उतरलं की पुढच्या वेळी हात आपोआप डबीकडे जातो. फरक एवढाच की भावना काही वेळ तशीच राहू दिली तर बहुतेक वेळा स्वतःच ओसरू लागते. आपण दरवेळी दुसऱ्या मिनिटाला पडदा लावला, तर ती ओसरते हे कळण्याची संधीच मिळत नाही. मग ती आहे त्यापेक्षा मोठी आणि न सोसणारी वाटू लागते. मानसशास्त्रज्ञ स्टीव्हन हेज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याला अनुभव टाळणं म्हटलं आणि त्याभोवती एक उपचारपद्धतीच उभी केली.

समजायला सोपं जावं म्हणून एक माणूस कल्पू. वय अडतीस, घर म्हार्दोळच्या बाजूला, नोकरी कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत पॅकिंग विभागात. साडेपाचला सुटतो, सव्वासहापर्यंत घरी. वडील गेल्या वर्षी वारले. जुन्या घराच्या वाटणीसाठी इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांतल्या वाटपाची कोर्टातली प्रक्रिया, करायची आहे आणि थोरला भाऊ मुंबईहून विचारतो आहे, ‘वकिलाने कागद मागितलेत. कधी बोलूया?’ याने मेसेज वाचलेला आहे. उत्तर तीन आठवडे दिलेलं नाही. बायको म्हणते, हल्ली रात्री दोन-दोन वाजेपर्यंत टीव्ही चालू असतो. तो म्हणतो, दिवसभर राबतो, एवढा तरी आराम नको का?

इथे त्याच्याशी वाद घालू नये. एक शाळेची वही घ्यावी आणि सात दिवस चार गोष्टी लिहाव्यात: पडदा किती वाजता लावला, त्याच्या आधीच्या मिनिटात काय घडलं आणि अंगात काय जाणवलं, कसा आणि किती वाजता बंद केला, बंद केल्यावर दहा मिनिटांनी कसं वाटलं. प्रत्येक खणात चार-पाच शब्द पुरेत. सगळं मिळून दिवसाला दोन मिनिटं लागतात.

या वहीत दोन चुका नेहमी होतात. पहिली, पडदा लावण्याआधीची नोंद सकाळी उठून केली जाते. सकाळी मन अपराधी असतं, ते ‘आळस केला’ एवढंच लिहितं आणि रात्रीच्या त्या मिनिटात खरं काय होतं ते हरवतं. म्हणून वही रिमोटखालीच ठेवायची, आणि नोंद केल्याशिवाय रिमोट उचलायचा नाही. दुसरी चूक म्हणजे भावनेच्या खणात शेरा लिहिणं. ‘वेळ फुकट घालवतोय’ ही भावना नव्हे. ‘बोअर झालो’ हेही बहुतेक वेळा झाकण असतं. तिथे अंगाला विचारावं: छातीत, घशात, पोटात, जबड्यात काय आहे? नुसता कंटाळा आला तर अंग सैल असतं, जांभया येतात. पोटात गोळा असेल तर तो कंटाळा नव्हे.

आपल्या माणसाचा आठवडा असा निघाला. सोमवारी रात्री डबा धुताना भावाचा मेसेज आला. नोंद: ‘पोटात गोळा’. 9.10 ला मालिका लावली आणि 1.40 ला डोळे मिटायला लागले तेव्हा बंद केली. दहा मिनिटांनंतर: ‘डोळे जळतात, मेसेज आठवला’. झोप लागली अडीचला. मंगळवारी कारखान्यात माल मोजायचा होता, दिवसभर उभा होता. ‘पाय दुखतात, डोकं शांत.’ 9.30 ला तीच मालिका, एकच भाग, 10.20 ला बंद, नंतर ‘बरं वाटलं’. बुधवारी आईने जेवताना विचारलं, “दादाला कळवलंस रे?” त्याने ताट तसंच टीव्हीपुढे नेलं आणि 8.45 ते 1.15 बसला. गुरुवारी देवळात भजन होतं, पडदा लागलाच नाही. शुक्रवारी भावाचा फोन आला, याने तो वाजू दिला आणि मोबाइलवर गेम सुरू केला: 9.20 ते 12.50. रँक घसरली, नंतर ‘हात कापतात, बायकोवर उगाच खेकसलो’. शनिवारी तोच गेम चार मित्रांबरोबर हेडफोन लावून, नऊ ते अकरा. ‘हसलो. मस्त.’ रविवारी दुपारी अडीच ते संध्याकाळी सात पुन्हा मालिका, कारण सोमवारी वकिलाकडे जायचं ठरलं होतं आणि गेला नाही तर काय सांगायचं, हे डोक्यात होतं.

सगळे तास मोजले तर जवळजवळ वीस होतात, आणि ऐकणारा म्हणेल की हे व्यसनच. पण ओळी वेगळ्या करून बघा. सोमवार, बुधवार, शुक्रवार आणि रविवार मिळून सतरा तास, आणि चारही वेळा आधीच्या मिनिटात एकच गोष्ट आहे: दादा आणि ते घर. मंगळवार-शनिवारचे तीन तासही भरत नाहीत, आणि त्यांत काही वावगं नाही. मालिका तीच, गेमही तोच. म्हणजे मालिका बंद करा, गेम काढून टाका, असा सल्ला याला दिला तर मंगळवारचा आणि शनिवारचा खरा आराम जाईल, आणि सोमवारची धास्ती उद्या रील्सकडे किंवा पेल्याकडे वळेल.

शेवट कसा झाला हेही बघा. मंगळवारी तो पोटभर जेवलेल्या माणसासारखा उठला. सोमवारी त्याला अंगाने उठवलं. आराम कधीतरी पुरतो. पळ पुरत नाही, कारण ज्याच्यापासून पळायचं ते पडद्याच्या पलीकडे तसंच बसलेलं असतं. सबिन सोनेनटाग आणि शार्लोटे फ्रिट्झ यांनी 2007 मध्ये कामानंतरच्या विश्रांतीचे चार भाग मांडले: कामापासून मनाने सुटणं, अंग सैलावणं, काहीतरी जमल्याचा अनुभव, आणि वेळ आपल्या मर्जीने घालवतोय ही जाणीव. शनिवारच्या गेममध्ये यातलं बहुतेक सगळं होतं. शुक्रवारी मनाने सुटण्याचा नुसता प्रयत्न होता, अंग ताठ होतं, हार होत होती, आणि चौथी गोष्ट, आपली मर्जी, ती तर सर्वांत आधी गेली होती.

आपल्याकडे ‘सुशेगाद’ हा शब्द पर्यटकांच्या टी-शर्टवर आळशीपणाच्या अर्थाने छापला जातो. मूळ पोर्तुगीज ‘सोसेगादो’ म्हणजे निवांत, शांत झालेला. दुपारी दुकानाची फळी टाकून झोपणारा म्हापशातला दुकानदार सुशेगाद असतो. रात्री एक वाजता ताठलेल्या मानेने सहावा भाग बघणारा बसलेला असेल, पण सुशेगाद नसतो.

आता उपाय. पहिला म्हणजे वीज गेल्यावरची ती दहा मिनिटं आपणच तयार करायची. वहीत पोटातला गोळा लिहिला गेला, की दहा मिनिटांचा गजर लावायचा आणि सोप्यावर किंवा पायरीवर बसायचं. फोन आत ठेवायचा, गजर घड्याळावर किंवा स्वयंपाकघरातल्या टायमरवर. त्या वेळात भावनेला साधं नाव द्यायचं, ती अंगात कुठे आहे ते बघायचं आणि बाकी काही करायचं नाही. पिंपळाची सळसळ ऐकू आली तर ऐकायची. गजर झाला की मालिका लावायची मुभा आहे. ही मुभा महत्त्वाची आहे. बंदी घातली की सगळं लक्ष बंदी मोडण्याकडे जातं. इथे फक्त पोटातली कळ आणि रिमोटचं बटण यांच्यात फट पाडायची आहे. पहिल्या काही दिवसांत गजरानंतर मालिका लागतेच, आणि त्यात अपयश काही नाही.

बिघडतं ते दुसऱ्याच ठिकाणी. दहा मिनिटं बसलेला माणूस विचार करत सुटतो: दादा असं म्हणाला तर मी असं म्हणेन, वडिलांच्या आजारपणात मी जास्त करायला हवं होतं, लोक काय म्हणतील. वरून हे ‘भावनेला सामोरं जाणं’ दिसतं, पण बहुतेकदा हाही पळच असतो. फक्त मालिका डोक्यात चालू असते आणि तिचेही भाग आपोआप पुढे जातात. ओळखायची खूण अशी: दोन मिनिटं विचार केल्यावर काही नवीन कळलं का, एखादं पाऊल ठरलं का, स्वतःला दोष देणं थोडं तरी कमी झालं का? तिन्हींचं उत्तर नाही असेल तर ते चघळणं आहे. मग विचारांशी झुंज न घेता लक्ष हाताकडे न्यायचं. नारळ किसावा, अंगण झाडावं. हातांचं काम डोक्यातली मालिका बंद करण्यात तर्कापेक्षा जास्त उपयोगी पडतं.

दुसरा उपाय पडद्याच्या रचनेशी संबंधित आहे. नेटफ्लिक्सने 2012 मध्ये पुढचा भाग आपोआप सुरू करण्याची सोय आणली, तेव्हापासून ‘थांबणं’ ही करायची गोष्ट झाली आणि ‘चालू राहणं’ फुकट झालं. ते उलटवता येतं. ब्राउझरमधून खातं उघडून आपल्या प्रोफाइलच्या Playback settings मध्ये Autoplay next episode in a series on all devices समोरची खूण काढायची. प्रत्येक प्रोफाइलला हे वेगळं करावं लागतं, त्यामुळे मुलांच्या प्रोफाइलवरून बघायची पळवाट उघडी राहते, हेही लक्षात असू द्या. याहून उपयोगी आणि कमी लोकांना ठाऊक असलेली गोष्ट म्हणजे भागाच्या शेवटी न थांबता मधे थांबणं. भागाचा शेवट लेखकाने मुद्दाम लोंबकळता ठेवलेला असतो, आणि अर्धी राहिलेली गोष्ट मनात टोचत राहते. पुढच्या भागाच्या पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत ती टांगलेली गाठ बहुधा सुटते. तिथे कथा जरा सपाट झाली की बंद करायचं. गेममध्ये याच्या उलट आहे. मॅच मधेच सोडली तर सोबतचे वैतागतात आणि कधी दंडही बसतो, म्हणून तिथे संख्या सुरू करण्याआधीच कागदावर लिहायची: दोन मॅच. हरल्यानंतर तिसरी लावायचा मोह सर्वांत जास्त असतो, आणि ती मॅच जिंकण्यासाठी नसून हरल्याची चीड घालवण्यासाठी असते. म्हणजे संध्याकाळी एका भावनेपासून सुरू झालेला पळ आता दुसऱ्या, गेमनेच दिलेल्या भावनेपासून चालू राहतो.

इथे अपराधीपणाबद्दल सांगायला हवं, कारण घरचे लोक नेमकं तेच वाढवतात. लिओनार्ड राइनेके आणि सहकाऱ्यांनी 2014 मध्ये दाखवलं की कामावरून फार थकून आलेली माणसं पडद्यापुढे बसण्याला चालढकल समजतात, त्याचा त्यांना अपराध वाटतो, आणि त्यामुळे तोच पडदा त्यांना कमी आराम देतो. ज्याला सर्वांत जास्त गरज, त्यालाच सर्वांत कमी मिळतं. वर “बसलाच आहे टीव्हीपुढे” असं स्वयंपाकघरातून ऐकू आलं, की टाळण्यासारखी आणखी एक भावना तयार होते आणि आवाज दोन घरं वाढतो. आपल्या माणसाच्या बायकोने एकच करायचं: मंगळवारी शेजारी येऊन बसायचं, आणि सोमवारी काही बोलायचं नाही.

तिसरा उपाय जे टाळलं जातंय त्याचाच एक लहानसा तुकडा करणं. ‘दादाशी घराबद्दल बोलून टाक’ हा तुकडा नव्हे, डोंगर आहे. तुकडा म्हणजे एवढा मेसेज: ‘दादा, मेसेज बघितला. रविवारी सकाळी अकराला फोन करतो.’ तोही केव्हा पाठवायचा ते आधी ठरवायचं: उद्या, बसमध्ये, मडकईच्या फाट्यानंतर. वेळ आणि जागा ठरलेली नसेल तर ‘आज करतो’ म्हणता म्हणता रात्रीचे नऊ वाजतात. दुसरा तुकडा म्हणजे कपाटातली फाइल काढून टेबलावर ठेवणं, न उघडता. तिसरा, उघडून फक्त वडिलांचा मृत्यूचा दाखला वेगळा काढणं. शेवटच्या तुकड्याला वाटतो त्यापेक्षा जास्त वेळ लागतो. इथेच कळतं की हा माणूस वाटणीपासून पळत नव्हता. तो दाखल्यावरच्या तारखेपासून पळत होता. सतरा तासांच्या तळाशी भांडणाची भीती नव्हती, दुःख होतं. कारण सापडलं की पुढचं पाऊल बदलतं: वकिलाकडे जाण्याआधी त्याला भावाबरोबर वडिलांबद्दल बोलायला हवं होतं.

मेसेज पाठवल्यावर लगेच हलकं वाटेल अशी अपेक्षा ठेवू नये. बहुधा त्या रात्री धास्ती वाढते, कारण आता रविवार खरोखर येणार असतो. त्या रात्री चार भाग बघितले गेले तरी वहीत तसंच लिहावं.

तुकडे पाडून, वेळ ठरवून टाळलेल्या गोष्टींकडे परत जाण्याची ही पद्धत नैराश्याच्या उपचारात वापरतात, आणि ती गोव्यातच नीट तपासली गेली आहे. ‘हेल्दी ॲक्टिव्हिटी प्रोग्राम’ या नावाने इथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत साध्या, मानसोपचाराचं आधी शिक्षण नसलेल्या, पण प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांनी ती रुग्णांना दिली, सहा ते आठ भेटींत. त्याचे निष्कर्ष 2017 साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले: नेहमीच्या उपचाराला या भेटींची जोड मिळालेल्यांचं नैराश्य तीन महिन्यांनी अधिक उतरलेलं होतं.

नैराश्याचा उल्लेख मुद्दाम केला, कारण वहीने न सुटणारी एक जात असते. तिथे आधीच्या मिनिटात कुठलीच ठळक भावना नसते. ‘काही नाही’, ‘रिकामं’, असंच रोज लिहिलं जातं, आवडती मालिकाही आवडत नाही, आणि तरी ती चालू असते कारण उठायला बळ नाही. हे दोन आठवडे जवळजवळ रोज असेल, पहाटे लवकर जाग येत असेल, भूक गेली असेल, तर तुकडे पाडत बसू नये, डॉक्टरांकडे जावं. जगणं नको असे विचार येत असतील तर दोन आठवडेही थांबू नये. टेली-मानस 14416 वर चोवीस तास फुकट बोलता येतं, आणि बांबोळीला मनोरुग्णालय आहे. गेमिंगच्या बाबतीत जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-11 या यादीत, जी 1 जानेवारी 2022 पासून लागू झाली, गेमिंग विकाराची नोंद आहे. पण ती तासांवर नाही. ताबा सुटणं, बाकी सगळ्यापेक्षा गेम मोठा होणं, नुकसान दिसत असूनही चालू ठेवणं, आणि हे सहसा बारा महिने असणं, असे तिचे निकष आहेत. सुट्टीत रोज चार तास खेळणाऱ्या मुलाला हे नाव चिकटवायची घाई पालकांनी करू नये.

आणि प्रत्येक पळ वाईट असतो असंही नाही. घरात माणूस गेल्यावर तेराव्यापर्यंतच्या एखाद्या रात्री कुणी दोन तास विनोदी मालिका बघितली तर ती त्या माणसाला तगवते. इस्पितळाच्या बाकावर ऑपरेशन संपायची वाट बघताना गेम खेळणाऱ्याला काय सांगणार? तिथे करण्यासारखं दुसरं काही हातात नसतं. पुढे ढकलणं आणि टाळणं यांतला फरक परत येण्याच्या तारखेचा आहे. ‘आज नको, रविवारी अकराला’ म्हणून मालिका लावणारा पळत नसतो. पण तारीख लिहिलेली हवी, मनातल्या तारखा रोज पुढे सरकतात.

रविवारी अकराला फोन झाला. अकरा मिनिटं. घराचं काही ठरलं नाही. शेवटची चार मिनिटं दोघं वडिलांच्या जुन्या सायकलबद्दल बोलत होते आणि ती कुणी विकली यावरून थोडे अडले. वहीतली त्या रात्रीची ओळ: ‘9.20. आधी: दमलो, घसा भरलेला. दहा मिनिटं पायरीवर. दीड भाग. 10.35. नंतर: रडलो थोडा. झोप.’ खालच्या ओळीत, सोमवारच्या तारखेपुढे, फक्त ‘वीज नाही’ असं लिहिलेलं आहे.